दीपालीताई, सायली आणि रुक्सानासाठी

विश्रामबाग, सांगली

प्रिय दीपालीताई, सायली, रुक्साना,

सामान काल टेम्पोनं औशाला गेलं. आता एक बॅग आणि मी, एवढंच उरलंय. तुम्ही तिघी कामावर असताना निघते आहे, कारण समोर असलात तर मला यातलं एकही वाक्य नीट बोलता येणार नाही. बदलीची ऑर्डर आल्यापासून रोज जेवताना ठरवत होते की आज बोलू, आणि रोज विषय भाजीवरच संपायचा. म्हणून लिहिते.

बाबांच्या ऑपरेशनच्या दिवसांबद्दल मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. मानायला गेले की दीपालीताई म्हणायची, 'गप बस आणि जेव.' आज मात्र ऐकून घ्यावं लागेल. मिरजेला आणायचं ठरलं तेव्हा आई-बाबांना कुठं ठेवायचं हा माझा पहिला प्रश्न होता. लॉजचे दर काढून बसले होते. सायलीनं मला न विचारताच तिची पुस्तकं, नोट्स, टेबल, सगळं हॉलमध्ये आणून मांडलं आणि खोली रिकामी केली. राज्यसेवेची पूर्व परीक्षा तोंडावर आलेली, आणि तू टीव्हीच्या कोपऱ्यात, आमच्या येण्याजाण्यात अभ्यास करत होतीस. एकदाही 'जरा हळू बोला' म्हणाली नाहीस. सायली, हे मी विसरणार नाही.

दीपालीताई, तू नसतीस तर डॉक्टरांचं निम्मं बोलणं आम्हाला कळलं नसतं. नाईट ड्यूटी करून आलेली तू परत माझ्याबरोबर बाबांच्या वॉर्डात यायचीस, फाइल वाचायचीस आणि आईला समजेल अशा भाषेत सांगायचीस. बाबांना अन्न नकोसं झालं होतं तेव्हा सावंतवाडीहून आणलेल्या उकड्या तांदळाची पेज तू करून दिलीस. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस, पेज काय खाणार असं मला वाटलं होतं. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. घरी गेल्यावर आईला म्हणाले, 'त्या ताईंकडून शिकून घ्यायला पाहिजे होतीस.'

आणि रुक्साना. रमजानचा महिना होता. तू सहेरीला उठायचीस, आईला तर झोपच नसायची. पहाटे मी पाण्यासाठी उठले तर स्वयंपाकघरात तुम्ही दोघी ओट्याला टेकून चहा पिताय, बशीत तुमच्या तासगावच्या मळ्यातले बेदाणे, आणि आई तुला माझ्या लहानपणचं काहीतरी सांगतेय. महिनाभर माझ्याशी धड न बोललेली आई तुझ्याशी बोलत होती. मी आत न येता परत गेले. नंतर आईनं सांगितलं की ऑपरेशनच्या आदल्या पहाटे तू तिच्यासाठी दुआ केलीस आणि तिचा हात धरून बसलीस. अजूनही फोनवर पहिला प्रश्न तुझाच असतो : 'रुक्साना जेवती का नीट?'

आता ड्रमबद्दल. बाथरूममधला निळा ड्रम मी ठेवून जाते आहे, टेम्पोत जागा होती तरी. २०१६ साली मी लातुरात अकरावीला होते. नळाला पाणी नव्हतं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, होस्टेलवरच्या कितीतरी मुली गावी परतल्या होत्या. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. ते कृष्णेचं पाणी. म्हणून इथं आले त्या दिवशी खालच्या काकू म्हणाल्या, 'लातूरची काय गं तू? मग आमचं पाणी पिऊनच मोठी झालीस की!' तेव्हा मला या घरात परकं वाटायचं थांबलं. सांगलीत पावसाळ्यात सगळे आयर्विन पुलाची पातळी बघतात, चाळीस फूट म्हटलं की गावभागातली माणसं सामान वर चढवायला लागतात. आणि मी त्याच गावात रोज रात्री ड्रम भरून ठेवायचे. सायली जतची, तिला सांगावं लागलं नाही. ताईला सुरुवातीला नवल वाटायचं, कोकणातल्या माणसाला वाटणारच. पण मोटर जळाली त्या रात्री ड्यूटीवरून येऊन तू त्याच पाण्यानं अंघोळ केलीस आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रम तू भरायला लागलीस. आता तो तुमचाच. झाकण नीट लावा, डासांची भीती असते.

हिशेबाचं थोडक्यात लिहिते. लाइट बिलाचा माझा वाटा आणि दुधाचे पैसे फ्रिजवरच्या डब्यात ठेवलेत. डिपॉझिटमधला माझा हिस्सा नवीन मुलगी आली की तिच्याकडून घेऊन सायलीनं मला पाठवावा, घाई नाही. गॅसचं पुस्तक ताईच्या कपाटात आहे. माझी किल्ली काकूंकडे दिली आहे. मोठी कढई, मिक्सर आणि मसाल्याचे डबे इथंच राहतील. येसराचा डबा आईनं तुमच्यासाठी मुद्दाम पाठवला होता, आमटी पातळ ठेवा आणि भाकरी कुस्करून खा. नवीन मुलीला खिडकीजवळची जागा द्या. पहिले काही दिवस तिला एकटीला जेवू देऊ नका, मला तुम्ही दिलं नव्हतंत.

संपर्कात राहू, असं सगळेच म्हणतात आणि मग वाढदिवसाला केकचा फोटो पाठवून मोकळे होतात. मला ते नको आहे. ग्रुप बंद करू नका, आणि मला 'आता तिला काय सांगायचं' म्हणून वगळू नका. घरातलं भांडण, काकूंची भिशी, कुणाची तब्येत, सगळं तिथं येऊ द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री मी फोन करेन. ताईची नाईट असली तर दुसऱ्या दिवशी दुपारी. सायली, निकाल लागला की, तो कसाही असो, पहिल्या तासात मला कळला पाहिजे. रुक्साना, तुझ्या भावाच्या लग्नाला मी तासगावला येणार आहे, पत्रिका नसली तरी.

आणि तुम्ही या. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे लातूरला थेट गाडी आहे, कोल्हापूर-नागपूर धरा. लातूर स्टेशनवर मी घ्यायला येते, तिथून औसा जवळच आहे. हुरड्याच्या दिवसांत आलात तर उत्तम, डिसेंबर-जानेवारीत. बाबांनी आत्तापासूनच शेतातली जागा ठरवून ठेवली आहे. औशाचा किल्ला बघू, आईच्या हातचे धपाटे खाऊ, आणि ताई, तांदूळ घेऊन ये, बाबांनी तेवढंच मागितलं आहे.

हरिपूरच्या संगमावर जायचं आपलं राहून राहून परवा एकदाचं झालं, ते बरं झालं. त्या दिवशीचे सगळे फोटो आधी मला पाठवा, रुक्सानाच्या मोबाइलमध्ये आहेत.

गाडी दुपारची आहे. पोचल्यावर ग्रुपवर टाकते.

तुमची,
अश्विनी

ता. क. कपडे वाळत घालायच्या दोरीवर माझी हिरवी ओढणी राहिली आहे, ओली होती. सायली, ती तुला आवडायची, ठेवून घे.