शोभाताई, ओवीला सांभाळताना हे एवढं लक्षात ठेवा

शोभाताई, काल बोलताना ओवी रडायला लागली आणि अर्धं सांगायचं राहिलं, म्हणून सगळं लिहून काढते. हेच मोठ्या अक्षरात फ्रीजवरही लावणार आहे, आणि संध्याकाळी चहा घेताना एकदा वाचूनही दाखवते. तुम्ही दोन मुलं वाढवलीत, तुम्हाला बाळ कसं सांभाळायचं हे मी काय शिकवणार, पण ओवी आता सात महिन्यांची आहे, सरकायला लागलीये, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि मी दिवसभर ऑफिसला असणार, तर दोघींचं सगळं एकसारखं ठरलेलं बरं.

आल्या आल्या चपला बाहेर, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, वीसेक सेकंद तरी, आणि बसचे कपडे बदलून घरातला गाऊन घालायचा, तो तुमच्यासाठी बाथरूमच्या दारामागच्या हुकला ठेवलाय. डायपर बदलल्यावर, टॉयलेटहून आल्यावर, केर काढल्यावर आणि भरवण्याआधी परत हात धुवायचेच. नखं छोटी ठेवा. आणि एक, तुमच्या बांगडीत सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात ना, त्या घरी आलात की काढून देवापाशी डबी आहे त्यात टाकायच्या. काल ओवी त्याच पिनांना धरून ओढत होती, उघडली असती तर थेट तोंडात. मिश्री लावायची असेल तर घरून लावून, चूळ भरून या, पुडी पर्समध्ये असली तर पर्स वर कपाटावर.

दूध. मी सकाळी काढून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवते, दारात नाही, डबीवर तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, जुनं आधी वापरायचं. एका वेळचं काढून गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवायची, कोमट झालं की झालं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही, कारण वरून कोमट लागतं आणि मध्येच कुठेतरी चटका बसेल इतकं गरम असतं. मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाटली आपण वापरत नाही, वाटी-चमच्यानेच द्यायचं. वाटीत उरलेलं परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, दोन तासांत नाही प्यायली तर ओतून द्या, खरंच ओतून द्या, माझा जीव तुटेल हा विचार करू नका. वाट्या, चमचे, डब्या साबणाने धुऊन दिवसातून एकदा दहा मिनिटं उकळायच्या.

खाणं साडेबाराला आणि चारला. दुपारी मुगाची मऊ खिचडी किंवा वरणभात तूप घालून, चारला नाचणीचं सत्त्व नाहीतर कुस्करलेलं केळं. मीठ, साखर, गूळ वर्षाची होईपर्यंत नाही. मध तर बोटाला लावूनही चाटवायचा नाही, ह्या वयात मधातून विषबाधा होऊ शकते, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. भरवताना फुंकर मारून गार करणं किंवा तोच चमचा स्वतःच्या ओठाला लावून बघणं नको, आपल्या तोंडातले जंतू तिला जातात, वाटीतच ढवळून गार होऊ दे. मांडीवर सरळ बसवूनच भरवा, आडवं धरून किंवा मोबाईल दाखवून नाही. तोंड फिरवलं की थांबायचं, एक घास चिऊचा करून कोंबायचं नाही. चार घासच खाल्ले तरी चालेल, मी विचारणार नाही की कमी का खाल्लं.

शेंगदाणा, फुटाणा, साबुदाणा, अख्खं द्राक्ष, काही कच्चं कडक हातात द्यायचं नाही. घशात अडकलं आणि जोरात खोकत, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पालथं हातावर घ्या, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ वेळा दाबायचं, परत थापा. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, आत ढकललं जातं. १०८ ला फोन, आणि समोरच्या काकूंना हाक मारा, एकीने फोन करायचा एकीने थापा. शनिवारी आपण दोघी बाहुलीवर हे करून बघू, नुसतं वाचून हात चालत नाही.

झोपवताना उताणं, पलंगावर एकटं नाही, पाळण्यात, उशी नको, जाड गोधडी तोंडावर येईल अशी नको. मालिश साडेनऊला, हलक्या हाताने. नाकात, कानात, बेंबीत तेल नाही, काजळ नाही, बाळगुटी नाही, धुरीही नाही. आमच्या सातारच्या आईंचं ह्यावर वेगळं मत आहे, त्या आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या तर "वहिनींना विचारते" एवढंच सांगा, मध्ये तुम्हाला ओढायचं नाहीये मला. दृष्ट काढायला कुणाची ना नाही, तीट तळपायाला लावा. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघायचं. गुरुवारी पाणी बंद म्हणून बादल्या भरलेल्या असतात, बाथरूमला बाहेरून कडी हवीच, बादलीतल्या थोड्या पाण्यातही बाळ बुडतं. पाण्यात असताना बेल वाजो, फोन वाजो, तिला सोडून उठायचं नाही, वाजू दे. डायपर तीन तासांनी, शी झाली की लगेच, पुसताना पुढून मागे.

गरम चहा हातात असताना ओवी कडेवर नको. पाचला खाली बागेत न्या, पण तिचा फोटो स्टेटसला नको आणि वॉचमनकडे, कुणाकडेही दोन मिनिटंसुद्धा द्यायची नाही. ती जागी असताना फोन फक्त माझा किंवा तुमच्या घरचा घ्या, झोपली की बघा निवांत.

खूप रडली, काही केल्या थांबेना, तुम्हाला राग यायला लागला तर तिला पाळण्यात ठेवून दुसऱ्या खोलीत दोन मिनिटं बसा, पाणी प्या, मला फोन करा. जोरात हलवायचं कधीच नाही, एवढ्या लहान डोक्याला आतून इजा होते. पडली, भाजलं, काही गिळल्यासारखं वाटलं, तर लगेच सांगा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. सांगितलंत म्हणून मी ओरडणार नाही हे लिहून देते, लपवलं तर मात्र डॉक्टरांना काय सांगायचं तेच मला कळणार नाही. काखेत १०० च्या वर ताप लागला तर फोन, औषध मी सांगितल्याशिवाय नाही, ड्रॉप्स आणि सिरपची ताकद वेगळी असते.

तुमचंही ठरवून टाकू. नऊ ते साडेसहा, रविवार सुट्टी, महिन्यात दोन भरपगारी रजा, पगार १७,००० एक तारखेला. दुपारी ओवी झोपली की जेवून तुम्हीही पडा, त्या वेळात भांडी-कपड्यांचं काम नाही, त्याला वेगळी बाई आहे. जेवण आपल्यातलंच, वाढून घ्या, विचारू नका. सर्दी, ताप, जुलाब, डोळे आले असतील तर येऊच नका, सकाळी सातच्या आत एक फोन करा, त्या दिवसाचा पगार कापणार नाही, तेवढं मी घरून काम करेन.

सोमवार, मंगळवार मी घरीच आहे, सगळं तुमच्या हातात देऊन फक्त बघणार, बुधवारपासून ऑफिस. सोमवारी येताना आधार कार्डची झेरॉक्स आणि दोन फोटो आणा, गेटपासला लागतात, आणि तुमच्या मुलाचा नंबरही द्या, तुम्हाला कधी बरं वाटेनासं झालं तर मला कुणाला कळवायचं ते माहीत हवं.