गव्हाणीतला पाळणा

(२४ डिसेंबर, मध्यरात्रीच्या मिस्सेआधी. गायन मंडळाची प्रत.)

मंडळींनो, गेल्या वर्षी आपण बर्फावरून घसरगाडी नेली. गाणं छान झालं, पण पहिल्या बाकावरच्या आजीबाईंनी नंतर विचारलं, "बर्फ पडला तर ज्वारीचं काय व्हायचं?" तेव्हापासून हे डोक्यात होतं. आपल्याकडे नाताळ येतो तो ऊसतोडीत, हुरड्याच्या दिवसांत, शेकोटीच्या धगीत. गोठा तर आपल्याला चित्रात बघावाही लागत नाही.

गाण्याचे तीन भाग आहेत. प्रवास अभंगात, धनगर सवाल-जवाबात आणि शेवटी पाळणा. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगायची रीत फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाइतकी जुनी आहे आणि ते रायतूरला छापलं गेलं १६१६ मध्ये. तेव्हा "आपल्या चालीत बरं दिसेल का?" हा प्रश्न कृपा करून पुन्हा काढू नका. हलगीबद्दल कुरकुर झाली, म्हणून हेही सांगतो: व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच उपासनेत त्या त्या लोकांच्या संगीताला जागा दिली आहे. वाद्यांसाठी परवानगी लागते, ती फादरांनी दिली आहे.

१. वाट
(एकच बाई, फक्त टाळ. सावकाश. दिवे मंद.)

निघाला हुकूम । औगुस्त राजाचा ।
शिर मोजण्याचा । गावोगावी ॥

दिवस भरले । मरियामाईचे ।
छप्पर आईचे । दूर मागे ॥

योसेफ धरितो । गाढवाची दोरी ।
भाकर शिदोरी । एक वेळ ॥

दारोदारी पुसे । उतारा मिळेना ।
कोणी उघडेना । कडीकोंडा ॥

भाकरीचे घर । नाव त्या गावास ।
भुकेल्या जिवास । कोर नाही ॥

गाईनेच दिला । गोठ्याचा आसरा ।
सारिला पसारा । वैरणीचा ॥

"भाकरीचे घर" हा बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ. ते कडवं दोनदा म्हणायचं. दुसऱ्यांदा टाळही थांबवा. या वाटेवरचं गाढव शुभवर्तमानात कुठेच नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिवस भरलेल्या बाईला नासरेथहून बेथलेहेमपर्यंत पायी चालवायला माझी लेखणी तयार झाली नाही.

२. माळावर
(हलगी सुरू. दिवे एकदम लावा. "एकटा" म्हणजे दारातून आत येणारा धनगर: घोंगडी खांद्यावर, काठी हातात. चष्मा काढून ठेवायचा.)

एकटा: माळावर मेंढरं बसवली रं
सगळे: बसवली रं, बसवली रं!
एकटा: शेकोटी फुंकून जागवली रं
सगळे: जागवली रं, जागवली रं!

एकटा: आभाळ फाटून उजेड आला
सगळे: भिऊ नका, भिऊ नका!
एकटा: देवाचा दूत म्हणं मेंढपाळाला
सगळे: भिऊ नका, भिऊ नका!

एकटा: राजा जन्मला, खूण काय त्याची?
सगळे: बाळंतं आणि गव्हाण गाईची!
एकटा: वाड्यात न्हाई? महालात न्हाई?
सगळे: गोठ्यात हाय, गोठ्यात हाय!

एकटा: कुत्र्याला सांगा, राखण कर
सगळे: चला गड्यांनो, झरझर!
एकटा: हाती काय न्यावं?
बायका: दुधाची चरवी,
पुरुष: हुरड्याची कणसं कोवळी हिरवी!

सगळे (हलगी बंद, दोन सुरांत):
वर आभाळी देवाला गौरव,
खाली शिवारी शांती नांदो.

"गोठ्यात हाय" हे तसंच म्हणा. सरावात दोघातिघांनी ते "आहे" करून टाकलं. धनगर शुद्धलेखनाच्या तासाला बसलेला नाही. शेवटच्या दोन ओळी मात्र देवदूतांच्या आहेत, त्या स्वच्छ म्हणा. "भिऊ नका" ओरडू नका. ज्याला खरंच भीती वाटली आहे त्याला आपण ज्या आवाजात सांगतो, तो आवाज लावा.

३. पाळणा
(बायका कडवं म्हणतील, "जो बाळा" सगळे. लोकांनाही म्हणू द्या, ही चाल प्रत्येकाच्या घरात झालेली आहे. ढोलकी बोटांनी.)

पहिल्या दिवशी काळोखी रात,
बाळ गुंडाळलं बाळंत्यात,
कडब्यावर त्याचा इवला हात,
जो बाळा जो जो रे जो ॥

दुसऱ्या दिवशी दाटला पान्हा,
कुशीला लागला मरियेचा तान्हा,
वासरू बघतं वळून पुन्हा,
जो बाळा जो जो रे जो ॥

तिसऱ्या दिवशी योसेफ सुतार,
बाभळीच्या फळ्या रंधून चार,
दोरीला देतो पीळ हळुवार,
जो बाळा जो जो रे जो ॥

पाचव्या दिवशी पाचवीचा दिवा,
कपाळी लिहाया कोण हवा?
लिहील हे बाळच लेख नवा,
जो बाळा जो जो रे जो ॥

आठव्या दिवशी ठेवलं नाव,
येशू म्हणाया जमलं गाव,
तारील साऱ्यांना, रंक नि राव,
जो बाळा जो जो रे जो ॥

दहाव्या दिवशी फडाची नारी,
कोयता टेकवून थांबली दारी,
तान्हं तिचंही पाचटावरी,
जो बाळा जो जो रे जो ॥

बाराव्या दिवशी ताऱ्याची वाट,
मागी लोकांचा शाही थाट,
सोनं, ऊद, गंधरस भरून ताट,
जो बाळा जो जो रे जो ॥

(ढोलकी बंद. एकच बाई, पहिल्या भागातलीच.)

त्याच रात्री सपनात हाक,
हेरोदाचा बाळाला धाक,
योसेफा, मिसराला गाढव हाक,
जो बाळा जो जो रे जो ॥

चौथा, सहावा, सातवा असे मधले दिवस गाळले, कारण मिस्सा बाराला सुरू व्हायची आहे. पाचवीला दिवा ठेवला, सटवाईला मात्र बोलावलं नाही. म्हणून ती तिसरी ओळ. नाव आठव्या दिवशी, कारण लूकनेच तसं लिहिलं आहे. आपलं बारसं बाराव्या दिवशी होतं, आणि २५ डिसेंबरनंतर बारा दिवस मोजले की ६ जानेवारी येतो, म्हणजे मागी लोकांचा परंपरेतला सण. हे जुळवायला मी काही केलं नाही, पाळण्यातच ते बसलेलं होतं.

दहाव्या दिवसाचं कडवं गाळावं, ते "नाताळचं वाटत नाही," असं दोघांनी सुचवलं. ते राहणार. कारखान्याच्या रस्त्यालगत कोप्या पडल्या आहेत, त्यातल्या एकीत याच महिन्यात बाळंतपण झालं. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे तिला गावी परतता येत नाही. मिस्सेला येणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत आहे. त्या कडव्याला कुणी मागे वळून बघू नका, आणि आवाज चढवू नका.

शेवटचं "जो जो" संपलं की घंटा होईपर्यंत कुणी हलायचं नाही. बाळाची मूर्ती फादर त्या शांततेत गव्हाणीत ठेवतील. कडबा खरा आणला आहे, तेव्हा ज्यांना शिंका येतात त्यांनी डावीकडच्या रांगेत उभं राहावं.

सराव मंगळवारी आणि गुरुवारी, दूध घालून झाल्यावर, साडेसातला. टाळ ज्यांच्या घरी आहेत त्यांनी घेऊन यावेत.