पवार सरांना पत्र : गोड बातमी आणि रजेचं नियोजन

नाशिक,
१२ ऑगस्ट २०२४

आदरणीय पवार सर,
सप्रेम नमस्कार.

मला दिवस गेले आहेत. आज नऊ आठवडे पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी १७ मार्च २०२५ ही तारीख दिली आहे. मागच्या शुक्रवारी अर्धा दिवस रजा घेतली होती ती सोनोग्राफीसाठी. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. शनिवारी दोनदा तुमच्या केबिनपर्यंत येऊन परत गेले, आत दोन्ही वेळा डिस्पॅचची माणसं होती. शिवाय रजेच्या तारखा आणि कामाची वाटणी तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर नीट मांडता येईल असं वाटलं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर वाच्यता करत नाहीत. सासूबाईंनीही तेच सांगितलं. तरी मी तुम्हाला आत्ताच सांगते आहे, त्यामागे कारण आहे. २०२२ च्या मार्चमध्ये, इथे येण्याआधीच्या नोकरीत, मी अशीच नऊ-दहा आठवड्यांची होते. तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पाळीत आठ-आठ तास उभ्यानं तपासणी करत होते, कोणी हलकं काम दिलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. नंतर गर्भ राहिला नाही. तेव्हाही मी ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगून चार दिवस किरकोळ रजा टाकली आणि पाचव्या दिवशी लाइनवर उभी राहिले. अशा वेळी कायद्यानं सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. उभं राहिल्यामुळेच तसं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पहिल्या तिमाहीत बहुतेक वेळा कारण गर्भातच असतं असं त्यांनी समजावलं. पण त्या दिवसांत मी फार एकटी होते. या वेळी तसं राहायचं नाही, हे मी आणि ह्यांनी मिळून ठरवलं आहे.

म्हणून पहिली विनंती अशी, की ही बातमी सध्या तुम्ही आणि एचआरच्या मॅडम एवढ्यांपुरतीच ठेवावी. २ सप्टेंबरला बारा आठवडे होतील, त्याच दिवशी पुढची सोनोग्राफी आहे. ती व्यवस्थित झाली की गणपतीच्या आधी मी स्वतः टीमला पेढे देईन.

आता रजेबद्दल.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या बाळासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. म्हणजे मला २० जानेवारीपासूनही निघता येईल. पण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपलं आयएटीएफचं ऑडिट आहे आणि कॅलिब्रेशन, एमएसए, कंट्रोल प्लॅन या तिन्ही फायली माझ्या हातच्या आहेत. त्या मला स्वतःला दाखवायच्या आहेत. वर्षभर मी त्यांच्यावर काम केलं आहे आणि ऑडिटर काय विचारतो ते मला ऐकायचं आहे. तेव्हा माझा विचार असा, की १५ फेब्रुवारीपर्यंत काम करावं आणि सोमवार, १७ फेब्रुवारीपासून रजेवर जावं. तिथून २६ आठवडे १७ ऑगस्टला संपतात. १८ ऑगस्ट २०२५ ला मी कामावर हजर होईन. बाळंतपण तारखेच्या थोडं मागेपुढे झालं तरी एकूण आठवडे तेवढेच राहतात, फक्त आधीचे आणि नंतरचे कमीजास्त होतील.

हे सगळं तब्येत साथ देईल असं धरून लिहिलं आहे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, आधीचा तो प्रसंगही आहे, त्यामुळे डॉक्टर जरा जपून आहेत. त्यांनी जानेवारीतच थांबायला सांगितलं, तर मी थांबेन, ऑडिट असलं तरी. हे आधीच सांगून ठेवते म्हणजे ऐनवेळी तुमची अडचण होणार नाही. त्यासाठी दिवाळीच्या आत संदीपला तिन्ही फायली पूर्ण शिकवायच्या, असं मी मनाशी ठरवलं आहे. गेज आर अँड आर तो चांगला करतो. कॅलिब्रेशनची नोंद ठेवण्यात अजून कच्चा आहे, पण त्याला शिकायची हौस आहे. सीएमएमवर मात्र दोघं तयार हवेत. संदीप एकटाच असला आणि तोही आजारी पडला, तर ग्राहकाची पहिल्या सुट्या भागाची तपासणी अडकेल. ट्रेनी मुलींपैकी एकीला सप्टेंबरपासून माझ्याबरोबर बसवता आलं तर बरं होईल. माझ्या जागी बाहेरून सहा महिन्यांसाठी माणूस घेण्यापेक्षा ही वाट मला जास्त भरवशाची वाटते, अर्थात निर्णय तुमचा.

सध्याच्या कामात थोडे बदल हवे आहेत. मला दुसऱ्या पाळीतून काढून जनरल किंवा पहिल्या पाळीत घ्यावं. रात्री साडेबाराला अंबडहून पाथर्डी फाट्यापर्यंत अॅक्टिव्हावर जाणं आता नको वाटतं. पावसानं रस्त्याची जी अवस्था झाली आहे ती तुम्ही रोज बघताच. पहिल्या पाळीत कंपनीची बस मिळेल, ती मला पुरेशी आहे. प्लेटिंग शॉपमध्ये जाऊन सॅम्पल आणण्याचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं, तिथल्या आम्लाच्या वाफांनी एरवीही डोकं चढतं आणि आता तर मळमळ सकाळपासूनच असते. सॅम्पल लॅबमध्ये आलं की पुढची तपासणी मी करेनच. कास्टिंग उचलून सरफेस प्लेटवर ठेवायला हेल्पर मिळावा, ते नग बारा-पंधरा किलोंचे आहेत. आणि चाकणच्या सप्लायर ऑडिटला या वर्षी माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवावं. सिन्नरपर्यंत जाऊन यायला हरकत नाही, पुण्याच्या बाजूला दिवसभराचा प्रवास नको.

प्रसूतीच्या आधीच्या सहा आठवड्यांच्याही मागचा एक महिना, म्हणजे माझ्या बाबतीत साधारण ३ जानेवारी ते ३ फेब्रुवारी, बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा खूप वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. ती मागणी मी याच पत्रातून करते आहे. खुर्ची मिळाली आणि फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर उभं राहायला लागलं नाही, की माझं भागेल.

डॉक्टरांकडे सातव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी आणि नवव्या महिन्यात दर आठवड्याला जावं लागेल. शक्यतो संध्याकाळी पाचनंतरची वेळ घेईन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोठी सोनोग्राफी असेल, तिला अर्धा दिवस लागेल, तारीख ठरली की कळवते.

पगाराबद्दल एचआरशी बोलायचं आहेच, पण तुमच्या कानावर असावं. माझा पगार २१,००० रुपयांच्या वर असल्यानं मी ईएसआयमध्ये येत नाही, त्यामुळे रजेतला पगार कंपनीकडूनच मिळायला हवा. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे डॉक्टरांचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं अशी अट आहे, आणि मी तर ऑक्टोबर २०२२ पासून इथे आहे. विहित नमुन्यातली नोटीस एचआरकडून घेऊन भरून देईन. ह्यांचाही पगार आहे, पण घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो, म्हणून हा विषय मला लवकर मार्गी लावायचा आहे.

माझं माहेर निफाडचं. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडे द्राक्षांचा खुडा, वडील आणि भाऊ दिवसभर बागेत असतात, आणि माझे डॉक्टर नाशिकचे. म्हणून आईच नाशिकला येणार आहे. सव्वा महिना झाला की मी बाळाला घेऊन निफाडला जाईन आणि जूनमध्ये परत येईन. फोन चालू असेल. फाइल कुठे आहे एवढं विचारायला संदीपनं फोन केला तर मी नक्की सांगेन, पण रजेत रिपोर्ट बनवणं किंवा ग्राहकाच्या मेलला उत्तर देणं मला जमणार नाही. हे आधीच स्पष्ट लिहिलेलं बरं.

परत आल्यानंतरचं बोलताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ऑगस्टमध्ये बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असेल आणि अंगावर पीत असेल. आपल्या प्लँटमध्ये तीनशेच्या वर माणसं आहेत. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असं कायदा सांगतो. आपल्याकडे ही सोय नाही, कारण आजवर ती कोणी मागितली नाही. आधीच्या दोघीजणी बाळंतपणानंतर परत आल्याच नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातली एक आपल्या लॅबमधली सगळ्यात हुशार मुलगी होती. मला तसं जायचं नाही. कंपनीत खोली काढणं शक्य नसेल, तर जवळपासच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून अंबडमध्ये एक पाळणाघर चालवता येईल, किंवा एखाद्या चालू पाळणाघराशी करार करता येईल. अजून वर्षभराचा अवधी आहे. तुम्ही प्लँट हेडशी बोलावं ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्यानंतर येणाऱ्या ट्रेनी मुलींनाही त्याचा उपयोग होईल.

तोवर प्रथमोपचाराच्या खोलीला आतून कडी आणि एक छोटा फ्रिज मिळाला, तर दूध काढून ठेवता येईल. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, म्हणजे जून २०२६ पर्यंत, पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या असतात, त्या मी घेईन. पहिले दोन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिलंत तर फार मदत होईल. कंट्रोल प्लॅन, पीपॅपची कागदपत्रं, तक्रारींचे एट-डी रिपोर्ट ही कामं घरी बसून होतात. गेज आणि सीएमएमसाठी उरलेले दिवस मी प्लँटवर असेन. यावर आपण दोघांनी बोलून ठरवायचं आहे, मी तसाच हट्ट धरणार नाही.

मागच्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी न मागता तुम्ही माझी पाळी बदलून दिली होती. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच इतकं सविस्तर लिहिण्याचं धाडस झालं.

१५ ऑगस्टच्या सुट्टीआधी, बुधवारी चार वाजता डिस्पॅचची मीटिंग संपल्यावर, वीस मिनिटं मिळतील का? एचआरच्या मॅडमनाही बोलावलंत तर एकदाच सगळं बोलून होईल. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा दाखला मी बरोबर आणते. पाळीचा बदल तेवढा या आठवड्यापासूनच करता आला तर पाहावं, कारण सोमवारपासून माझी दुसरी पाळी लागते आहे.

आपली नम्र,
रूपाली
वरिष्ठ अभियंता, गुणवत्ता विभाग