आमच्या दारी गाडी आली

फोटोत हँडलवर जो हात दिसतोय, तो आईचा आहे. तिला म्हटलं, पुढे ये, नीट उभी राहा. तर म्हणाली, "मी कशाला, गाडीचा काढ." पण हँडल काही सोडलं नाही. म्हणून फोटोत गाडी आहे, झेंडूचा हार आहे, आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे. मला हाच फोटो सगळ्यात आवडला.

तर मंडळी, काल धनत्रयोदशीला, 18 ऑक्टोबर 2025 ला, आमच्या घरात पहिली गाडी आली. ॲक्टिव्हा, 110 सीसी, राखाडी रंग. पूर्ण पैसे भरून. घरात याआधी फक्त बाबांची सायकल होती.

गाडी साधीच आहे. आमच्या गल्लीत अशा दहा-बारा उभ्या असतात. तरी लिहितेय, कारण काल रात्री मी तीन वेळा उठून खिडकीतून तिला बघून आले आणि सकाळी कळलं की आईही दोनदा उठली होती.

ऑक्टोबर 2020 मध्ये पगार पुन्हा पूर्ण मिळायला लागला. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, मग अर्ध्या पगारावर सुरू झालं. ज्या महिन्यात पूर्ण पगार हातात आला, त्याच महिन्यात 6 तारखेला पोस्टात जाऊन पाच वर्षांची आरडी उघडली. महिन्याला हजार रुपये. व्याज 5.8 टक्के. काउंटरवरच्या काकांनी तेव्हाच कागदावर आकडा लिहून दिला होता : 69,697. तो कागद मी पासबुकात घालून ठेवला. पाच वर्षांत त्याच्या घड्या फाटल्या, मागून चिकटपट्टी लावली.

साठ हप्त्यांपैकी दोन चुकले. 2021 च्या मे महिन्यात आई आजारी होती, तेव्हाचे ते दोन. पुढे दंडासकट भरले. शंभराला रुपया, म्हणजे हजाराच्या हप्त्यावर महिन्याला दहा रुपये दंड. रक्कम काहीच नाही, पण पासबुकावर ती नोंद बघून मला त्या दिवशी रडू आलं होतं. आई बरी झाली होती, हप्तेही भरले गेले होते, तरी आलं. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

दुसरी बचत डब्यातली. मी इंदूरच्या क्लॉथ मार्केटमध्ये एका ठोक दुकानात हिशेब बघते. सुदामा नगरहून निघायचं, फूटी कोठीवरून व्हॅन, महूनाक्याला उतरायचं, तिथून दुसरी गाडी राजवाड्याकडे. त्या दुसऱ्या गाडीचे दहा रुपये. ऊन-पाऊस नसेल आणि उशीर झाला नसेल, त्या दिवशी महूनाक्यापासून पायी जायचे आणि संध्याकाळी ते दहा रुपये डब्यात टाकायचे. बोर्नव्हिटाचा जुना डबा. आई त्याला "चालण्याचा डबा" म्हणायची. जिवाला मारून काही केलं नाही, हे मुद्दाम सांगते. सणाला नवी साडी घेतली, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला, भाच्याच्या मुंजीचा आहेर केला. फक्त जे दहा रुपये वाचले, ते वाचले म्हणून वेगळे ठेवले.

मागच्या रविवारी डबा जमिनीवर ओतला. आई पाट घेऊन बसली. दहाच्या नोटा एकीकडे, नाणी एकीकडे. आईने नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे केले आणि प्रत्येक मनोऱ्यावर बोट ठेवून "हे शंभर, हे दोनशे" असं मोठ्याने मोजत गेली. 11,340 निघाले. म्हणजे 1,134 वेळा मी त्या रस्त्याने पायी गेले होते. ती चिल्लर कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाभींनी आनंदाने बदलून दिली. दिवाळीत त्यांना सुटे लागतातच.

मधल्या काळात गाडीची किंमत काही माझ्यासाठी थांबली नव्हती. दरवर्षी दसऱ्याला चौकशी करायचे आणि दरवर्षी आकडा थोडा पुढे गेलेला असायचा. 2022 मध्ये तर कर्जाच्या कागदांवर सही करायची वेळ आली होती. शोरूमवाले भैया चांगले होते, त्यांनी हप्ता समजावून सांगितला. फार नव्हता. पण कर्ज, आरडी आणि घरभाडं असं तिन्ही एका पगारात बसवताना रात्री झोप आली नसती, एवढं मला ठाऊक होतं. हप्त्यावर गाडी घेणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. लांबची नोकरी असेल, लहान मुलं असतील, तर थांबून कसं चालेल? माझं थांबून चालण्यासारखं होतं, म्हणून थांबले.

आणि यंदा सप्टेंबरच्या 22 तारखेपासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला. जिच्या मागे मी पाच वर्षं धावत होते, तीच सातएक हजार मागे आली! बातमी ऐकली तेव्हा मी दुकानात बिलं लावत होते. आमच्या शेठजींनी स्वतः हाक मारून सांगितलं, "बेटा, तेरी गाड़ी सस्ती हो गई." माझी गाडी म्हणजे सगळ्या दुकानाची गाडी झाली होती, हे मला तेव्हा कळलं.

6 ऑक्टोबरला, नेमकी कोजागिरी, आरडी पुरी झाली. आरडीचे 69,697, डब्यातले 11,340, दिवाळीचा बोनस 9,000. विमा, आरटीओ सगळं धरून गाडी पडली 88,600 ला. उरले 1,437. पाचशेचं पेट्रोल, बाकीचे पेढे. हिशेब लिहिते आहे, कारण आमच्या बाबांना तो असा मांडलेला आवडला असता. 1991 मध्ये त्यांची गिरणी बंद पडली. त्यानंतर जिथे मिळेल तिथे त्यांनी काम केलं, आणि रोज रात्री छोट्या डायरीत दिवसाचा खर्च लिहिला. अगदी "मिरच्या 1 रु." इथपर्यंत. काल मी गाडीचा खर्च त्यांच्याच शेवटच्या डायरीत लिहिला. अर्धी कोरी होती ती.

गाडी शिकले ते आमच्या दुकानातल्या वहिनींमुळे. वयाच्या सदतिसाव्या वर्षी. रविवारी सकाळी सहाला दसरा मैदानावर त्या स्वतःची गाडी घेऊन यायच्या, माझ्या हातात द्यायच्या आणि मागे न बसता शेजारून पळायच्या. "ब्रेक आधी, मग पाय" हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता सिग्नलला मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. एकदा मी त्यांची गाडी पाडली, आरसा फुटला. आरशाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. वहिनी, तुमच्या घरी पहिले पेढे आलेत, ते त्या आरशाचेही आहेत.

डिलिव्हरीच्या वेळी शोरूममध्ये गर्दीच गर्दी. धनतेरसला इंदूरमध्ये गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावून उभं राहायचं. दोन तास थांबलो. आई डब्यात पोहे घेऊन आली होती, वरून शेव घातलेले. शेजारी एक जोडपं होतं, बहुतेक खंडव्याचं, त्यांची मुलगी भुकेने कुरकुर करत होती. तिलाही आईने खायला घातलं. आमचं नाव पुकारलं आणि त्या भैयांनी चावी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, आईच्या हातात द्या. आईने आधी चावी पदरात घेतली, कपाळाला लावली आणि मग मला दिली. पाठीमागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोण होतं, माहीत नाही. त्यांचे आभार.

तिथून थेट खजराना. नवी गाडी आणि खजराना गणेश, हे इंदूरकरांना सांगायला नको. अहिल्याबाईंनी स्थापन केलेला हा गणपती, त्याच्यासमोर हार घातलेल्या गाड्यांची ही रांग! गुरुजींनी कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मी बाजूला काढून गाडी लावली तर आई दिसेना. शोधत गेले तर ती देवळाच्या मागच्या भिंतीशी उभी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे मनातलं मागताना उलटं स्वस्तिक काढतात आणि ते पुरं झालं की येऊन सरळ काढतात. आई सरळ काढत होती. बोट थरथरत होतं, म्हणून एक रेघ वाकडी गेली, ती तिने पुन्हा गिरवली.

मी विचारलं, "उलटं कधी काढलंस?"

"तू पोस्टात गेलीस ना, त्याच महिन्यात."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू डबा आणखी भरायला गेली असतीस. पावसातही चालली असतीस."

ह्यावर मला काही बोलता आलं नाही. तिचा हात धरला आणि आम्ही प्रसादाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.

एक हेल्मेट शोरूमने दिलं. दुसरं आईने स्वतः घेतलं, कुरडया-पापडांच्या पैशातून, 1,150 रुपयांचं. पण ते तिच्या अंबाड्यावर बसेचना. दुकानदाराने एक नंबर मोठं दिलं, ते डोळ्यांवर यायला लागलं. शेवटी तिने तिथेच, भर दुकानात, अंबाडा सोडला आणि वेणी घातली. मला आठवतंय तेव्हापासून मी आईला वेणीत पाहिलेलं नाही. पट्टा लावून ती आरशात बघत म्हणाली, "चांगली दिसते की!" खरंच दिसत होती.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आम्हाला इतकी वर्षं घरापर्यंत सोडलंय. पावसात, रात्री, दवाखान्यातून. प्रत्येकाचं नाव घेतलं तर यादी फार लांब होईल आणि कोणीतरी नक्की राहील. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आता कधी गाडी बंद पडली, मुलाला क्लासवरून आणायचं राहिलं, तर मला फोन करा. मी सुदामा नगरलाच आहे.

आणि आईचं एक काम बाकी आहे. शेजारच्या मावशी सानंद संस्थेच्या मराठी नाटकांचे पास देतात. नाटक खंडवा रोडला, युनिव्हर्सिटीच्या सभागृहात, आणि परतीला व्हॅन मिळायची नाही म्हणून आम्ही दरवेळी शेवटच्या प्रवेशाआधी उठून यायचो. पुढे काय झालं ते आई दुसऱ्या दिवशी मावशींना विचारायची. कितीतरी नाटकांचा शेवट तिने ओट्यावर भाजी निवडत ऐकलाय.

पुढच्या नाटकाचे पास आलेत. आईने वेणीसाठी नवी रिबन आणून ठेवली आहे. आम्ही पडदा पडेपर्यंत बसणार आहोत.