जिनिंगमधल्या आरोग्य शिबिरात योगशिक्षिकेची ओळख

नमस्कार मंडळी. बसा, सावकाश बसा. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे, मागच्या बाया जरा पुढं सरका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सरळ खुर्ची घ्यावी, त्यात लाजायचं काही नाही. मोबाइलचा आवाज बंद करा. काट्यावरचा फोन माझ्याजवळ आहे, कुणाच्या घरून निरोप आला तर मी हळूच येऊन सांगीन.

दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागल्या की आपल्याला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून शिबिर आत्ताच ठेवलं.

या वंदनाताई. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकल्या. १९१४ पासूनची ती संस्था, तुम्हाला नवीन नाही. पण मला ताईंची ओळख पटली ती काल. आल्या आणि चहाच्या आधी थेट प्रेसकडे गेल्या. जिनावरच्या बायांना विचारलं, दिवसभर कोणत्या बाजूला वळता? हमालांना विचारलं, ओझं उतरवताना कंबर धरते की गुडघे? ताईंचे वडील कापूसवाले. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाडीवर रात्र काढणारं घर त्यांचं, त्यामुळं आपलं काम त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मी आधीच बोलून ठेवतो. योग केला म्हणून तोंडावरचा रुमाल सोडायचा नाही. रुईची धूळ छातीत बसते. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती जड वाटते, असं कुणाला होत असेल तर ते डॉक्टरला दाखवायचं. डॉक्टर दुपारी येतीलच. बीपीची गोळी चालू असेल, हर्नियाचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, कुणी बाई गरोदर असेल, तर ताईंच्या कानावर घाला. सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही.

आज कुणी कुणाची बरोबरी करायची नाही. शेजारच्याचा हात पायाच्या अंगठ्याला लागला आणि तुमचा गुडघ्यापाशीच थांबला, तर थांबू द्या. दुखलं की सोडायचं. हसू आलं तर हसा बाप्पा, मलाही येते.

आता पाठ सरळ ठेवा, ताणू नका. खांदे खाली सोडा. हात मांडीवर. गुरुदेवांच्या सामुदायिक प्रार्थनेला जे बसतात त्यांना ही बैठक सवयीची आहे, त्यांच्याकडं पाहून बसा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. श्वास नाकानं, जसा येतो तसा येऊ द्या. तो ओढायचा नाही, रोखायचाही नाही.

ताई, या. पुढचा तास तुमचा. आणि पंख्याच्या बटनाजवळ जे कोणी बसलं असेल, त्यानं तो एक नंबरवर करा, ताईंचा आवाज मागपर्यंत गेला पाहिजे.