२२०/२२ केव्ही ट्रान्सफॉर्मर क्र. १ बदलण्यास तातडीने मंजुरी मिळण्याबाबत

ऐरोली, नवी मुंबई
दिनांक ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्य अभियंता यांस

विषय: उपकेंद्रातील ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर क्र. १ च्या तेलातील वायूंची सतत होणारी वाढ व तो बदलण्याची विनंती.

महोदय,

आमच्या उपकेंद्रातील ट्रान्सफॉर्मर क्र. १ हा १९८९ सालच्या बनावटीचा असून त्याच्या तेलात विरघळलेल्या वायूंबाबत मी याआधी दोनदा लेखी कळवले आहे. दोन्ही वेळी तेल गाळून घेण्याच्या व निरीक्षण चालू ठेवण्याच्या सूचना मिळाल्या आणि त्यांचे पालनही झाले. परंतु १४ जानेवारीच्या घटनेनंतर केवळ निरीक्षणावर विसंबणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

त्या रात्री २ वाजून ४० मिनिटांनी बुकोल्झ रिलेचा अलार्म आला. पाळीवरील ऑपरेटरने मला लगेच फोन केला आणि मी पोहोचेपर्यंत भार क्र. २ वर घेतला होता. रिलेच्या काचेत तेलाची पातळी दोन बोटे खाली उतरलेली दिसत होती. जमा झालेला वायू काढून तपासला असता तो पेटला, म्हणजे ती तेलात अडकलेली साधी हवा नव्हती. त्याच वेळी घेतलेल्या तेलाच्या नमुन्यात इथिलीन ४२०, मिथेन २१०, हायड्रोजन १५०, इथेन ९० आणि ॲसिटिलीन ६ पीपीएम आढळले.

केवळ या आकड्यांपेक्षा ते वाढण्याचा वेग मला अधिक चिंताजनक वाटतो. डिसेंबर २०२४ मध्ये तेल गाळल्यानंतर इथिलीन १२ पीपीएमवर आले होते. जून २०२५ मध्ये ते ९६, सप्टेंबरमध्ये १८५, नोव्हेंबरमध्ये २७० आणि जानेवारीत ४२० झाले. म्हणजे पावसाळ्यात दिवसाला साधारण १ पीपीएमने होणारी वाढ थंडीत अडीच पीपीएमवर गेली, आणि तीही वर्षातील सर्वांत कमी भाराच्या महिन्यांत. भार घटूनही वायू वेगाने वाढत असतील, तर दोष स्वतःहून बळावत आहे, असाच त्याचा अर्थ मी घेतो. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये तेल गाळले होते, तेव्हा इथिलीन पुन्हा २४० पर्यंत चढायला बावीस महिने लागले होते. या वेळी तेरा महिन्यांत ते ४२० वर पोहोचले आहे.

आयईसी ६०५९९ मधील तिन्ही गुणोत्तरे आणि ड्युवल त्रिकोण हे दोन्ही या नमुन्याचा एकच अर्थ सांगतात: ७०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाचा उष्णताजन्य दोष. त्रिकोणातील तीन वायूंत इथिलीनचा वाटा ६६ टक्के आहे. टॅप चेंजरच्या डायव्हर्टर कप्प्यातील तेल मुख्य टाकीत झिरपल्यामुळे हे वायू दिसत असावेत, अशी शंका मागील बैठकीत व्यक्त झाली होती. ती रास्त होती, म्हणून आम्ही ती स्वतंत्रपणे तपासली. तसे झिरपणे असते तर ॲसिटिलीन हायड्रोजनच्या कित्येक पट दिसले असते, येथे ते त्याच्या पंचविसाव्या भागाइतकेच आहे. त्यामुळे वायू मुख्य टाकीतच तयार होत आहेत.

दोषाची जागाही आता बरीच स्पष्ट झाली आहे. अलार्मनंतरच्या तीन दिवसांत वाइंडिंगचा रोध मोजला, तेव्हा वाय फेजचा रोध टॅप ७ ते ९ वर इतर दोन फेजपेक्षा ६ टक्क्यांनी अधिक आला. ट्रान्सफॉर्मर वर्षाचा बहुतेक काळ याच टॅपवर चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये टाकी उघडली होती, तेव्हा सिलेक्टरच्या याच फेजच्या संपर्कांवर कोळशाची कडक पुटे चढलेली मी स्वतः पाहिली होती. ती खरवडून संपर्क आवळले, पण स्प्रिंगांतला दाब ढिला पडला होता आणि या नमुन्याच्या टॅप चेंजरचे सुटे भाग उत्पादकाने बंद केले आहेत. आम्ही केलेली दुरुस्ती टिकली नाही, हे आजचे आकडे सांगत आहेत.

संपूर्ण टॅप चेंजर बदलून ट्रान्सफॉर्मर वाचवता येईल का, याचाही विचार मी केला. तेलातील फ्युरानचे प्रमाण २.४ पीपीएम आहे. त्यावरून कागदी इन्सुलेशनचा पॉलिमरायझेशनचा अंक ३२० च्या आसपास निघतो. नव्या कागदाचा तो हजाराच्या घरात असतो आणि २०० ला कागदाचे आयुष्य संपले असे मानतात. तेल गाळता येते, बदलताही येते, परंतु ठिसूळ झालेल्या कागदाची ताकद परत आणता येत नाही. फीडरवर जवळचा शॉर्ट सर्किट झाला की वाइंडिंगवर जो यांत्रिक हिसका बसतो, तो अशा कागदाला सोसवेल याची खात्री मला देता येत नाही. पावसाळ्यात आमच्या २२ केव्ही फीडरवर असे दोष वारंवार होतात, त्यातच खाडीच्या खाऱ्या हवेने इन्सुलेटर खराब होण्याचे प्रमाणही येथे अधिक आहे.

ट्रान्सफॉर्मर अचानक निकामी झाला तर काय होईल, हेही मांडणे आवश्यक आहे. मागील मे महिन्यात उपकेंद्राचा कमाल भार ६८ एमव्हीए होता. क्र. २ ची क्षमता ५० एमव्हीए आहे आणि शेजारच्या उपकेंद्रांकडे जास्तीत जास्त ८ एमव्हीए वळवता येतो. उरलेल्या १० एमव्हीएसाठी भारनियमनाशिवाय मार्ग नाही, आणि ते एक-दोन दिवसांचे नसून नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंतचे असेल. या फीडरवर एक मोठे रुग्णालय, पाणीपुरवठ्याचे पंप आणि रबाळे भागातील कारखाने आहेत. शिवाय टाकीत सुमारे २८,००० लिटर तेल आहे. दोन ट्रान्सफॉर्मरमधली आगरोधक भिंत बुशिंगच्या उंचीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे क्र. १ ला आग लागल्यास क्र. २ सुरक्षित राहील असे गृहीत धरता येणार नाही. कुंपणाला लागून वस्ती आहे आणि पाळीवरचे कर्मचारी रोज त्याच आवारातून फेरी मारतात.

तूर्त मी क्र. १ चा भार ३० एमव्हीएपर्यंत मर्यादित ठेवला आहे, टॅप चेंजरचे स्वयंचलित चालन बंद केले आहे, नमुना दर आठवड्याला घेत आहोत आणि ट्रान्सफॉर्मर चालू असताना त्याच्याजवळ अनावश्यक कोणी जाऊ नये अशी लेखी सूचना दिली आहे. १७ जानेवारीला तो पुन्हा चालू करण्याच्या निर्णयाला मी संमती दिली होती. आज तोच प्रश्न समोर आला तर मी ती देऊ शकणार नाही. ही मर्यादा एप्रिलच्या उकाड्यात पाळणे कठीण होईल, कारण तेव्हा क्र. २ वरच जास्तीचा भार जाईल.

नव्या ट्रान्सफॉर्मरची किंमत मोठी आहे याची मला जाणीव आहे. परंतु पुरवठादारांनी सांगितलेला कालावधी किमान बारा महिन्यांचा आहे, त्यामुळे आज मागणी नोंदवली तरी एक उन्हाळा व एक पावसाळा याच स्थितीत काढावा लागेल. म्हणून नव्या ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या खरेदीस या महिन्यातच मंजुरी द्यावी आणि तो येईपर्यंत विभागाकडील राखीव ट्रान्सफॉर्मर मार्चअखेर येथे बसवण्याची परवानगी द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाया व बस जोडणीची पाहणी आम्ही पूर्ण केली असून बदलीसाठी नऊ दिवसांचा शटडाउन पुरेल. ॲसिटिलीन १५ पीपीएमच्या पुढे गेले किंवा बुकोल्झचा अलार्म पुन्हा आला, तर आदेशाची वाट न पाहता ट्रान्सफॉर्मर बंद करण्याचे अधिकार पाळीप्रमुखाला लेखी मिळावेत, हेही नमूद करतो.

पुढील नमुना सोमवार, १६ फेब्रुवारी रोजी सकाळी घेणार आहोत. त्या वेळी आपण किंवा आपले प्रतिनिधी उपस्थित राहिल्यास सर्व नोंदी व टाकी उघडली तेव्हाची छायाचित्रे जागेवरच दाखवता येतील.

आपला विश्वासू,
उपकार्यकारी अभियंता,
२२०/२२ केव्ही उपकेंद्र, ऐरोली

सोबत: फेब्रुवारी २०२३ पासूनचे वायू विश्लेषण अहवाल, फ्युरान चाचणी अहवाल, वाइंडिंग रोधाची मोजमापे, १४ जानेवारीच्या घटनेची पाळी नोंद.