हरिपूर रस्ता लोककेंद्र: शनिवारच्या ज्युरीचे प्रश्न

चौथ्या वर्षातल्या सगळ्यांसाठी.

शनिवारी सकाळी साडेनऊला सुरुवात. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, त्यातली तुमच्या बोलण्याला आठ. बाहेरून येणाऱ्या दोघा ज्युरर्सना हाच कागद दिला आहे. पेपर मुद्दाम फोडतोय. ऐनवेळी तुमची उडालेली तारांबळ बघण्यात मला रस नाही, उत्तर काढताना ड्रॉइंग बदललं तर त्यात आहे.

एक प्रश्न सगळ्यांना, कधीही, कुठल्याही शीटवर बोट ठेवून विचारला जाईल: हे कळल्यावर प्लॅनमध्ये काय हललं? काहीच हललं नसेल तर ते निरीक्षण शीटवरून आजच पुसून टाका.

जागेबद्दल

आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर. हे आकडे जवळजवळ प्रत्येकाच्या शीटवर आहेत. पुलावरचे फूट आपल्या प्लॉटच्या लेव्हलवर कुणी आणून बसवले? पुलावरचं शून्य म्हणजे तुमच्या जोत्याचं शून्य नव्हे. त्यात आपली जागा पुलाच्या खालच्या अंगाला, संगमाकडे. वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी तुंबतं, ते सेक्शनमध्ये कुठे दिसतंय? शेजारच्या घराच्या भिंतीवर पुराची खूण अजून आहे. टेप लावून ती कुणी मोजली? घरमालकीणबाईंना विचारलं का, की पाणी आधी कुठल्या बाजूने शिरलं? रस्त्याकडून, नदीकडून, की गटारातून उलटं?

पूर घाटमाथ्यावरच्या पावसाने येतो. सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी चढत राहतं. मग पावसाच्या पाण्याचा निचरा आणि पुराचं पाणी हे दोन्ही एकाच निळ्या बाणाने का दाखवलेत?

३८ गुंठ्यांत काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो? ट्रायल पिट घेतला नसेल तर शेजारी विहीर खोदणाऱ्याला विचारलंत का? पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीवर तुमचा लांबलचक, एकसंध ओटा उभा आहे. तो कुठे फुटेल हे आत्ताच सांगता येईल का?

आता ऊन. सूर्याचा आराखडा तुम्ही सगळ्यांनी सॉफ्टवेअरमधून काढलात, छान दिसतो. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मग 'उत्तरेचा थंड उजेड' असं लिहून अख्खी उत्तर भिंत काचेची कशी झाली? दुपारचं ऊन छोट्या छज्जाने अडेल, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन ईशान्येकडून आणि वायव्येकडून थेट आत येईल. ते कशाने अडवणार? उभ्या फळ्या कुणाच्याच एलिव्हेशनमध्ये नाहीत.

साहित्य, पाणी, वीज

'स्थानिक वीट' म्हणजे पर्यावरणपूरक, हे कुणी सांगितलं? भट्टीला माती कुठून येते, जळण काय लागतं, ट्रक किती किलोमीटर पळतो? वीट वापरू नका असं मी म्हणत नाही. हिशेब मांडा आणि मग वापरा.

तुमच्या तळमजल्यावरच्या प्रत्येक साहित्याला एकच प्रश्न: चार दिवस पाण्यात राहिल्यावर त्याचं काय होतं? जिप्समचं पार्टिशन, प्लायवूडची कपाटं, एमडीएफची दारं. पूर ओसरल्यावर हे सगळं कचऱ्यात जाणार असेल तर छतावरच्या सोलर पॅनेलने त्याची भरपाई होते का? आणि त्या सोलरचा इन्व्हर्टर कुठे ठेवलात? दोघांच्या ड्रॉइंगमध्ये तो जिन्याखाली आहे. मेन बोर्ड आणि मीटर कुठल्या लेव्हलला?

पावसाच्या पाण्याची जमिनीखालची टाकी सगळ्यांनीच दिली आहे. एक मिलिमीटर पाऊस, एक चौरस मीटर छत, एक लिटर पाणी. हा गुणाकार केलात का, की टाकीचा आकार उरलेल्या जागेवरून ठरला? भूजल वर आलं आणि टाकी रिकामी असली तर ती होडीसारखी उचलली जाते. तिला खाली धरून ठेवणारं वजन कुठे आहे? गढूळ पाणी झाकणातून आत शिरलं तर निवाऱ्यातले लोक पिणार काय?

हरिपूरच्या पेवांबद्दल एकीने टिपण काढलं आहे. जमिनीत खोदलेल्या त्या खड्ड्यांत हळद साठवायची रीत, आणि २००५ च्या पुराने त्यांची केलेली दैना. टिपण उत्तम आहे. पण डिझाइनमध्ये पेव आलं ते लँडस्केपमधला गोल खड्डा म्हणून. पेवातली हळद टिकायची कशामुळे? त्यातलं काही तुमच्या कोठाराला उपयोगी पडतं का? पडत नसेल तर सरळ 'नाही' म्हणा, नुसता आकार उचलू नका.

वापरणाऱ्यांबद्दल

सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे, कारण तुमच्या शीटवर सगळ्यात कमी जागा यालाच मिळाली आहे. 'युजर ग्रुप'च्या चार वर्तुळांत महिला, मुलं, ज्येष्ठ, कामगार. यांच्यातल्या एकाशी तरी बोललात?

हळद निवडणाऱ्या बायका जमिनीवर बसून काम करतात. तुमच्या खिडकीची सिल ९०० मिलिमीटरवर. मांडी घालून बसलेल्या बाईचा डोळा त्याच्या खाली येतो. म्हणजे दिवसभर समोर काय? भिंत. उजेड तिच्या सुपात पडतो की पाठीवर? वारा तिला लागतो की उभं राहून देखरेख करणाऱ्याला? हळदीची भुकटी उडते. बाजूच्या खोलीत पाळणाघर. दोन्हीच्या मध्ये फक्त जाळी ठेवताना वाऱ्याची दिशा पाहिली होती का? तान्ह्या बाळाला पाजायला आई उठून जाते तेव्हा किती पावलं चालते? मोजून सांगा.

बायकांचं स्वच्छतागृह मागच्या बाजूला, हमालांच्या बसण्याच्या कट्ट्यावरून जावं लागतं. प्लॅनवर ती वाट दीड मीटर रुंद, नियमात बसणारी. संध्याकाळी सात वाजता तुमची आई त्या वाटेने जाईल का?

पुरात हेच केंद्र निवारा होणार, असं प्रत्येकाने म्हटलं आहे. माणसं वर चढतील. रॅम्पवरून आजोबाही चढतील. म्हशी कुठे जातील? इथले लोक जनावरं सोडून हलत नाहीत, आणि तुमच्या एकाही सेक्शनमध्ये जनावर नाही. वरच्या मजल्यावर स्वयंपाक कुठे, संडास किती, आणि सेप्टिक टाकी बुडाल्यावर ते चालतात का? बोट कुठे लागते? चावी कोणाकडे असते?

पुरानंतर गाळ निघतो. तळमजल्यावर पाइपने पाणी मारलं तर ते कुठून बाहेर पडेल? कोपरे किती आहेत? झाडू घेऊन तो गाळ काढणारी व्यक्ती तुमच्या कुठल्या वर्तुळात आहे?

आणि ज्यांचा सोपा खरोखर चांगला जमलाय (तिघांचा जमलाय) त्यांना: तिथे दुपारी तीन वाजता कोण बसलेलं असेल, आणि त्याला कुणी उठवेल का?

आणायच्या गोष्टी: १:१०० चं मॉडेल, ज्यावर ५७ फुटांची पातळी दोऱ्याने दाखवलेली असेल, पुराचा एक सेक्शन, आणि साइटवरची वही, कच्ची, हाताने लिहिलेली. वही नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी हरिपूरला जाऊन या.